दोन आठवड्यांची डायरी आणि संध्याकाळी फुगणारं पोट

प्रश्न: नमस्कार मॅडम. माझं वय २०. नाशिकमध्ये इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पीजीवर राहते, जेवण मेसचं. रोज संध्याकाळी पोट फुगतं, जीन्सचं बटण काढून बसावं लागतं, सकाळी उठल्यावर पोट पुन्हा नॉर्मल. दोन आठवडे काय खाल्लं आणि किती त्रास झाला (० ते १०) हे लिहून ठेवलंय, फोटो जोडते आहे. मला असं दिसतंय की पाच वाजता चहा घेतला की पोट फुगायला सुरुवात होते आणि रात्री चपाती खाल्ली की वाढतं. रूममेट म्हणते गहू आणि दूध दोन्ही बंद कर. करू का? गुरुवारी माझा उपवास असतो. घर सिन्नरला, मधल्या एका रविवारी घरी गेले होते.

उत्तर:

गहू बंद करू नकोस, दूधही नको. तुझ्या डायरीत या दोघांविरुद्ध काही सापडत नाही, उलट दोघांच्या बाजूने चांगला पुरावा तूच लिहून ठेवला आहेस. माझा संशय आहे मेसच्या दुपारच्या उसळीवर, म्हणजे कडधान्याच्या प्रमाणावर, आणि सोबतच्या कांदा-लसणाच्या वाटणावर. त्याच्या जोडीला दुसरी एक गोष्ट आहे, जी तू डायरीत फक्त दोन-तीन ठिकाणी कोपऱ्यात लिहिली आहेस: ‘पोट साफ नाही’. मी या निष्कर्षावर कशी आले ते तुझ्याच नोंदी घेऊन दाखवते, कारण पुढची डायरी तुला स्वतःला वाचता आली पाहिजे.

त्याआधी एक खात्री करून घे. वजन कारण नसताना उतरतंय, शौचातून रक्त जातंय, जुलाब किंवा दुखण्यामुळे रात्री झोपेतून उठावं लागतंय, बारीक ताप राहतो, वारंवार उलट्या होतात, हिमोग्लोबिन फार कमी आहे, किंवा पोट सकाळीसुद्धा उतरत नाही आणि आठवड्यागणिक वाढतच चाललंय, यातलं काहीही असेल तर डायरी बाजूला ठेव आणि आधी पोटाच्या डॉक्टरांना दाखव. तुझं पोट सकाळी पूर्ववत होतं आणि बाकी काही तू लिहिलेलं नाहीस, म्हणून मी पुढे जाते.

आता चहाचं बघू. चौदाही दिवस पाच वाजता चहा आहे. मग शुक्रवारी चहा घेऊन त्रास २ आणि घरी रविवारी चहा घेऊन त्रास १ का? डायरी वाचताना बहुतेक जण हीच उलट तपासणी करत नाहीत. त्रास झाला त्या दिवशी काय खाल्लं होतं एवढंच बघतात. तीच गोष्ट त्रास नसलेल्या दिवशीही खाल्ली होती का, हे बघत नाहीत. जे रोजच ताटात असतं ते या तपासणीत बऱ्यापैकी निर्दोष सुटतं. तुझ्या कपातलं दूध अर्धा कपही नसेल, त्यात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, दोन-तीन ग्रॅमच्या आसपास. दूध न पचणाऱ्या बऱ्याच लोकांनासुद्धा एका वेळी एवढं सहज चालतं.

मग चहाच्याच वेळेला त्रास का सुरू होतो? याचं उत्तर घड्याळात आहे. तू सव्वा वाजता जेवतेस. खाल्लेलं अन्न पोटातून आणि लहान आतड्यातून पुढे सरकत मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचायला साधारण दोन ते सहा तास लागतात. मटकी, हरभरा, चवळी, राजमा यांच्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या तोडणारं पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नसतंच, तुझ्या नाही तसं माझ्याही नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जीवाणू त्यांच्यावर जगतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड असे वायू तयार होतात. हे प्रत्येकाला होतं. फरक एवढाच की काहींची आतडी ताणाला जास्त संवेदनशील असतात, तेवढ्याच वायूने त्यांना पोट टम्म झाल्यासारखं वाटतं. सव्वा वाजताच्या उसळीचा हिशेब पाच ते आठच्या दरम्यान लागतो आणि नेमका तेव्हा तुझ्या हातात चहाचा कप असतो.

रात्रीच्या चपातीचंही असंच आहे. जेवायला बसलं की जठर ताणलं जातं आणि त्या इशाऱ्याने मोठं आतडं हालचाल करू लागतं. काहींना जेवल्या जेवल्या शौचाला जावंसं वाटतं ते यामुळेच. आतड्यात आधीच वायू भरलेला असेल तर या हालचालीने कळ येते, फुगल्याची जाणीव वाढते. त्या वेळी तू चपाती खात होतीस म्हणून ती अडकली. भात खाल्ला असतास तरी बहुधा हेच झालं असतं. म्हणून त्रास सुरू झाला की शेवटचा घास आठवायचा नाही. घड्याळात मागे जायचं आणि दोन ते आठ तास आधी जे जे खाल्लं त्या सगळ्याभोवती पेन्सिलीने गोल करायचा. याला मुख्य अपवाद दुधाचा आहे. लॅक्टोज ज्यांना पचत नाही त्यांना बहुधा अर्ध्या ते दोन तासांत गुडगुड, फुगणं, कधी पातळ शौच असं सुरू होतं. म्हणून दुधाची शंका असेल तर मागे फार लांब जायची गरज नसते.

दुधाबद्दल तुझ्या डायरीतले सगळ्यात बोलके दिवस म्हणजे दोन्ही गुरुवार. उपवासाच्या ताटात गहू नाही, कडधान्य नाही, डाळ नाही, कांदा-लसूण नाही. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट, बटाटा, काकडी, ताक, एवढंच. दूध मात्र आहे, आणि भरपूर: सकाळी कॉफी, दुपारी ताक, रात्री ग्लासभर दूध. मोठा ग्लास अडीचशे मिलिलिटरचा धरला तर त्यात बारा ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज झालं. दूध हा तुझा दोषी असता तर गुरुवार तुझा सर्वांत वाईट दिवस ठरायला हवा होता. पहिल्या गुरुवारी संध्याकाळी २ आणि दुसऱ्या गुरुवारीही २, आणि रात्रीच्या दुधानंतरही तू काही त्रास लिहिलेला नाहीस. दुधाला मी इथेच सोडून देते. आपल्याकडे आठवड्याचा उपवास करणाऱ्या बऱ्याच मुली आहेत आणि उपवासाचा दिवस डायरीत ‘आज उपवास’ एवढ्या दोन शब्दांत संपवतात. तो दिवस खरं तर आयता प्रयोग असतो, तोच सगळ्यात सविस्तर लिहायला हवा. अर्थात त्यालाही मर्यादा आहे. उपवासाला एकूणच कमी खाल्लं जातं आणि दोन गुरुवार म्हणजे फक्त दोनच नोंदी. पहिल्या गुरुवारी सकाळी तू ‘गॅस खूप’ असंही लिहिलं आहेस. तो साबुदाण्याचा नाही, साबुदाणा अजून खाल्लाच नव्हता. तो बुधवारच्या छोल्यांचा उरलेला भाग आहे. कडधान्याचा परिणाम दुसऱ्या दिवशीपर्यंत रेंगाळू शकतो.

गव्हासाठी बघ सिन्नरचा रविवार. तूच लिहिलं आहेस की घरी चातुर्मास पाळतात, कांदेनवमी झाली की आई कांदा-लसूण घरात शिजवत नाही. त्या दिवशी दोन्ही वेळच्या मिळून सहा चपात्या, दुधीची भाजी, एक वाटी वरण, भात. त्रास १, दोन आठवड्यांतला सर्वांत कमी. मेसमध्ये तू दिवसाला चार-पाच चपात्या खातेस, म्हणजे घरी गहू कमी नव्हता, झालाच तर जास्त होता. नव्हतं ते कांदा-लसणाचं वाटण आणि अख्खं कडधान्य. वरणातली तूरडाळ होती, पण वाटीभर पातळ वरणात कोरडी डाळ फार थोडी असते. गव्हातही फ्रुक्टन नावाची न पचणारी साखर असते, ती कांद्या-लसणातही असते, त्यामुळे गव्हाने काहींचं पोट फुगतं हे खरं आहे. तुझ्या बाबतीत एकट्या गव्हाने तसं झालेलं दिसत नाही.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगते, कारण ती डायरीच्या आवाक्याबाहेरची आहे. सीलिअ‍ॅक नावाचा आजार, ज्यात गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर खराब होतं, तो एका चांगल्या रविवारवरून नाकारता येत नाही. शंका असेल किंवा घरात कुणाला असेल तर रक्ताची टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज आयजीए ही तपासणी असते, सोबत एकूण आयजीएही बघतात. पण ती गहू खात असतानाच करावी लागते. गहू आधी बंद केला तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो आणि मग रोज गहू असलेलं जेवण किमान सहा आठवडे पुन्हा खाऊन तपासणी करायची वेळ येते. रूममेटचं ऐकून तू गहू सोडू नयेस असं मी म्हणते त्याचं हे मोठं कारण. आणि शंभर-दोनशे पदार्थांची यादी देणारी महागडी आयजीजी रक्ततपासणी कुणी सुचवली तर ती करू नकोस. आपण जे नेहमी खातो त्याच्याविरुद्ध आयजीजी नावाची प्रतिपिंडं रक्तात असतातच, त्यावरून काय सोसत नाही ते ठरत नाही.

आता वाईट संध्याकाळी. ६ किंवा त्याहून जास्त त्रास सहा दिवशी आहे: पहिला सोमवार (मटकीची उसळ, ६), पहिला बुधवार (छोले, ७), दुसरा सोमवार (चवळी, ६), दुसरा मंगळवार (६), दुसरा बुधवार (हरभऱ्याची उसळ, ८) आणि शेवटचा रविवार (मिसळ, ८). सहापैकी पाच दिवशी दुपारच्या ताटात अख्खं कडधान्य आहे. मेसचा सोमवार-बुधवार उसळीचा आहे हे तुझ्या लक्षात आलं नाही, कारण तू या दिवशी नुसतं ‘मेसचं जेवण, उसळ’ लिहिलंस आणि चहा-चपाती मात्र सविस्तर लिहिली.

उलट तपासणीही करू. कडधान्य खाऊनही त्रास झाला नाही असा दिवस आहे का? आहे. दुसऱ्या शनिवारी तू मोड आलेल्या मुगाची उसळ ‘अर्धी वाटी’ खाल्लीस आणि संध्याकाळ ३ वर थांबली. ही नोंद मला फार मोलाची वाटते. एक तर मुगाला मोड येताना त्या साखरा बऱ्याच कमी होतात. दुसरं म्हणजे अर्धी वाटी. हा अ‍ॅलर्जीसारखा प्रकार नाही की कण गेला तरी त्रास. यात प्रमाणाला किंमत असते, एका मर्यादेपर्यंत काही जाणवत नाही आणि त्यापुढे जाणवतं. ती मर्यादा शोधणं हेच पुढचं काम आहे.

मिसळीचा रविवार वेगळा काढून बघण्यासारखा आहे. तुझी नोंद अशी: ‘११.३० मिसळ (खूप तिखट). संध्याकाळी ८.’ कंसातलं तिखट वाचून कुणालाही वाटेल की तिखटाने झालं. तिखटाने जळजळ होते, काहींना कळ येते. वायू मात्र तिखटाने तयार होत नाही. गंगापूर रोडला मैत्रिणींबरोबर बसून खाल्लेल्या त्या एका थाळीत काय काय होतं ते मोजू. तळाला मटकी. वर रस्सा, तो दुसऱ्यांदाही मागून घेतला असणार, आणि रस्सा म्हणजे कांदा, लसूण, खोबऱ्याचं वाटण. त्यावर फरसाण, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचं पीठ. वर मूठभर कच्चा कांदा. दोन-तीन पाव. नाव एक, पण न पचणाऱ्या साखरांचे पाच रस्ते एकाच वेळी उघडे. प्रत्येक गोष्ट वेगळी खाल्ली असती तर कदाचित मर्यादेच्या आत राहिली असती. शिवाय तर्रीचं तेल: तेलकट जेवण जठरातून उशिरा पुढे सरकतं, म्हणून साडेअकराच्या मिसळीचा त्रास तुला सहा वाजेपर्यंत गेला. डायरीत पदार्थाचं नाव लिहून भागत नाही, त्याचे घटक लिहावे लागतात, ते या नोंदीवरून कळेल. तीच नोंद मी अशी लिहीन:

‘रवि. ११.३० ते १२. मिसळ १ प्लेट: मटकी अंदाजे १ वाटी, रस्सा २ वाट्या, फरसाण २ मुठी, कच्चा कांदा २ चमचे, पाव ३, ताक १ ग्लास. घाईत नाही. आदल्या दिवशी शौच झालं, आज नाही. ४ वा. त्रास ३. ६ वा. ८. ९ वा. ६. गॅस गेला की थोडं बरं. झोप ६ तास. पाळीला अंदाजे ४ दिवस.’

वेळ लागला तर दीड मिनिट लागतो. पण खाल्ल्यावर लगेच लिहायचं. रात्री झोपताना दिवस आठवून लिहिलं की ज्याच्यावर आधीच संशय आहे तेच ठळक आठवतं. त्रासाचा आकडाही दिवसातून एकदा न लिहिता ठरलेल्या तीन वेळी लिही, म्हणजे तो कधी चढला ते दिसतं. जमलं तर शिवणकामाची टेप घे, बेंबीवरून, उभं राहून, श्वास सोडल्यावर, सकाळी आणि संध्याकाळी माप घे. पोट फुगल्यासारखं वाटणं आणि प्रत्यक्षात पोटाचा घेर वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, काहींना एकच होते. माप वाढत नसेल आणि जाणीव मात्र ८ ची असेल तर वायूपेक्षा आतड्याच्या संवेदनशीलतेचा भाग मोठा आहे, आणि अशा वेळी पदार्थ कापत जाऊन फारसा उपयोग होत नाही.

राहिला सहावा वाईट दिवस, दुसरा मंगळवार. त्या दिवशी दुपारी वरण-भात, भेंडी, दोन चपात्या. आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारीही हेच ताट होतं. शुक्रवारी त्रास २, मंगळवारी ६. ताट तेच आणि त्रास तिप्पट, तेव्हा ताटाबाहेर बघावं लागतं. मंगळवारच्या कोपऱ्यात तू लिहिलं आहेस: ‘काल पण पोट साफ नाही’. त्या सोमवारी नाही, मंगळवारी नाही, बुधवारी नाही, आणि गुरुवारी सकाळी झालं. म्हणजे बुधवारच्या ८ मध्ये नुसता हरभरा नव्हता, तीन दिवसांचा तुंबलेला मळही होता. मोठ्या आतड्यात मळ अडून राहिला की वायू पुढे सरकायला जागा राहत नाही आणि जीवाणूंना काम करायला वेळ जास्त मिळतो. पीजीत सहा मुलींना एक बाथरूम, आठचं लेक्चर, आणि मग ‘नंतर जाऊ’ म्हणून दाबून ठेवलेलं. या वयाच्या मुलींच्या डायऱ्यांत मला हे इतक्यांदा दिसतं की शौचाचा रकाना नसलेली डायरी मी अपुरीच धरते.

म्हणून क्रम असा ठेव: आधी पोट साफ होण्याचं बघ, उसळीची परीक्षा त्यानंतर. नाहीतर परीक्षेत कुणाचा दोष कुठला हे कळणारच नाही. सकाळी वीस मिनिटं लवकर उठून काहीतरी खा, नुसता चहा नको, आणि खाल्ल्यावर अर्ध्या तासात बस. जेवल्यावर मोठं आतडं हलतं असं वर सांगितलं, त्याचाच इथे फायदा घ्यायचा. पाश्चात्य पद्धतीचं कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घे. रोज एक चमचा इसबगोल मोठा ग्लासभर पाण्याबरोबर, लगेच पिऊन टाकायचं. पाणी कमी घेतलंस तर उलट अडेल. कोंडा घालून बघू नकोस, कोंड्याने गॅस वाढतो. आठवडा-दहा दिवसांत शौच रोज किंवा दिवसाआड आणि सहज व्हायला लागलं की पुढे जा. कदाचित एवढ्यानेच संध्याकाळचा आकडा निम्म्यावर येईल आणि पुढची परीक्षा गरजेचीच उरणार नाही. दहा दिवसांत काहीच फरक पडला नाही तर डॉक्टरांना विचार, स्वतःहून जुलाबाची गोळी घेऊ नकोस.

आता उसळीची परीक्षा. डायरी फक्त संशय दाखवते. दोष ठरवायचा तर एक एक गोष्ट मुद्दाम खाऊन बघावी लागते. ही पद्धत ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने विकसित केलेल्या फॉडमॅप आहाराच्या, म्हणजे न पचणाऱ्या साखरा आधी कमी करून मग एक एक परत खाऊन बघण्याच्या आहाराच्या, पुनर्चाचणीवर बेतलेली आहे. तो आहार तिथे आतड्याच्या संवेदनशीलतेच्या रुग्णांसाठी तयार झाला, आणि त्याचा पूर्ण पथ्याचा भाग तुला लागणार नाही. मेसमध्ये तो पाळताही येत नाही. आपण फक्त चाचणीचा भाग घेऊ.

पाळी संपून दोन-तीन दिवस झाले की सुरू कर. पहिले तीन दिवस शांत जेवण: चपाती, वरण-भात, दुधी, भेंडी, बटाटा, गाजर अशा भाज्या वाटणाशिवाय, दही, केळं. मेसच्या काकूंना सांग की काही दिवस कांदा-लसणाशिवाय भाजी हवी. चातुर्मासात ही मागणी त्यांना नवी नसते. या तीन दिवसांत संध्याकाळ ३ च्या खाली आली नाही तर पुढे जाऊ नकोस, कारण मग कारण वेगळंच आहे.

आली, तर चौथ्या दिवशी दुपारी पाव वाटी मटकी, पाचव्या दिवशी अर्धी, सहाव्या दिवशी एक वाटी. शिजवलेली, फोडणी फक्त तेल, जिरं, हळदीची, कांदा-लसूण अजिबात नाही. तिन्ही दिवस वाटी तीच, वेळ तीच, बाकी जेवण तेच. पीजीत शिजवायची सोय नसेल तर शनिवार-रविवार-सोमवार धरून आईकडून शिजवून आण. ज्या दिवशी आकडा ६ ला गेला तिथेच थांब, दुसऱ्या दिवशी वाढवू नकोस. पाव वाटीला काही नाही, अर्ध्या वाटीला ३, वाटीला ७ असं आलं तर तुझी मर्यादा अर्ध्या वाटीच्या आसपास आहे एवढाच त्याचा अर्थ. कडधान्य ‘बंद’ असा नाही. शाकाहारी मेसमध्ये प्रथिनांचा तोच मोठा आधार असतो.

मग पुन्हा तीन शांत दिवस, आणि त्यानंतर कांदा: शिजवलेला, मध्यम आकाराच्या कांद्याचा पाव भाग, अर्धा, एक, असा तीन दिवसांत. पहिल्या मंगळवारी फ्लॉवर-बटाट्याच्या वाटणाच्या रश्शाला तुझा आकडा ४ होता आणि पहिल्या शनिवारी कांदेपोह्यांना ३. त्यावरून मला वाटतं की एकटा कांदा तुला फार छळणार नाही. तो उसळीबरोबर आला की भर घालतो. अगदी असंच निघालं, म्हणजे मटकी एकटी चालली आणि कांदाही एकटा चालला, तर शेवटची चाचणी दोन्ही एकत्र: एक वाटी मटकी, नेहमीच्या वाटणात. तेव्हा ७ आला तर उत्तर मिळालं.

उसळ तुझी मर्यादा ओलांडते असं ठरलं तर मेसमध्ये करण्यासारखं बरंच आहे. उसळीच्या दिवशी अर्धी वाटी घे आणि रस्सा ओतून न घेता दाणे घे, कारण त्या साखरा पाण्यात उतरतात, रश्शात त्या भरपूर असतात. लसणाची चव हवी तर तेलात लसूण तळून पाकळ्या काढून टाकलेली फोडणी चालते; फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. कांद्याऐवजी पातीचा हिरवा भाग घालता येतो. घरी कडधान्य करताना रात्रभर भिजवून ते पाणी फेकायचं, मोड आणायचे आणि नव्या पाण्यात शिजवायचं. मेडिकलमधल्या पाचक गोळ्यांपैकी कडधान्यावर फक्त अल्फा-गॅलॅक्टोसायडेज असलेली गोळी काम करते, तीही पहिल्या घासाबरोबर घेतली तर. पाकिटावर हे नाव नसेल तर घेण्यात अर्थ नाही, आणि कांद्याच्या साखरेवर तिचा परिणाम होत नाही. मिसळ सोडायची गरज नाही. कच्चा कांदा वगळ, एकच पाव घे, रस्सा एकदाच, आणि त्या दिवशी रात्री वरण-भात खा.

शेवटी पाळीबद्दल. तू लिहिलं आहेस की पाळी डायरी संपल्यावर चार दिवसांनी आली. म्हणजे दुसरा आठवडा पूर्ण पाळीच्या आधीचा होता. त्या काळात प्रोजेस्टेरॉनमुळे आतडी संथ होतात, शौच अडतं, पोट जड वाटतं. दुसऱ्या आठवड्यातले आकडे पहिल्यापेक्षा चढे आहेत त्यात याचाही वाटा असू शकतो, आणि मंगळवारचा ६ नुसत्या बद्धकोष्ठाचा की पाळीचाही, हे चौदा दिवसांच्या डायरीतून सांगता येत नाही. त्यात मासिक चक्र अर्धंच दिसतं. म्हणून चाचण्या संपल्यावर सविस्तर डायरी बंद कर, पण कॅलेंडरवर दोन महिने रोज तीनच गोष्टी लिहीत राहा: शौच झालं की नाही, संध्याकाळचा आकडा, पाळीचा दिवस. सगळं नीट करूनही दर महिन्याला तेच आठ-दहा दिवस चढे दिसले, तर ते कॅलेंडर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव. ओटीपोटात फार दुखत असेल तर मात्र दोन महिने थांबू नकोस.